सुनावणीची तारीख पडली, पण नोटिशीतले कागद कुठे आहेत?
आमच्या कर सल्लागार कार्यालयाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली की आमच्याकडे पहिला फोन बहुतेक एकाच प्रश्नाचा येतो: "तारीख वाढवून मिळेल ना?" मिळते. पण नुसती तारीख वाढवून हाती काही लागत नाही. नोटीस ज्या कागदांवर उभी आहे ते कागद आधी बघायला हवेत, आणि तारीख त्यासाठी मागायला हवी. हे माहितीपत्रक तेवढ्याच विषयावर आहे.

एक नमुना प्रकरण घेऊ. म्हापशातील एक टाइल्सचा दुकानदार. २०२१ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये बेळगावच्या एका पुरवठादाराकडून त्याने माल घेतला, ट्रक चोर्ला घाटातून आले, पैसे बँकेतून गेले. बारा बिलांवर मिळून २,१६,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट त्याने घेतले. २० ऑगस्ट २०२५ रोजी त्याला जीएसटी कायद्याच्या कलम ७४ खाली, म्हणजे फसवणुकीच्या आरोपाखाली, नोटीस निघते. पुरवठादाराची नोंदणी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली आहे, तो दिलेल्या पत्त्यावर सापडला नाही, सबब क्रेडिट व्याज आणि दंडासह परत करा, असा तिचा मजकूर. सुनावणी १ सप्टेंबरला. मध्ये २७ ऑगस्टची चतुर्थी.

नोटिशीच्या शेवटी चार जोडपत्रांची यादी आहे: हिशेबाचा तक्ता, पत्त्याच्या पाहणीचा अहवाल, पुरवठादाराचा जबाब आणि ई-वे बिलांची माहिती. पोर्टलवर मात्र तक्ता तेवढा जोडलेला. बाकीचे तीन कागद कुठेच नाहीत. यादीत नाव आहे म्हणून कागदही दिला असेल, असे आपण धरून चालतो आणि इथेच गाडी चुकते. म्हणून Services → User Services → View Additional Notices/Orders इथे जाऊन प्रत्येक जोडणी उघडून बघा आणि यादीशी ताडून पाहा.

अर्जात काय लिहायचे? आम्ही अर्ज इंग्रजीत देतो, पण मजकुराचा गाभा असा असतो:

"आपल्या नोटिशीत जोडपत्र २, ३ व ४ यांचा आधार घेतला आहे. ती आम्हाला मिळालेली नाहीत. पाहणी अहवाल, पूर्ण जबाब (सर्व पाने) व ई-वे बिलांचा तपशील यांच्या प्रती द्याव्यात आणि मूळ कागद तपासण्यासाठी दिवस व वेळ कळवावी. तपासणीनंतर उत्तरासाठी १० दिवस मिळावेत व १ सप्टेंबरची सुनावणी त्यानंतर ठेवावी. प्रत्यक्ष सुनावणीची आमची मागणी कायम आहे."

यातले शेवटचे वाक्य गाळू नका. कायद्याच्या कलम ७५(४) प्रमाणे लेखी मागणी केली, किंवा निर्णय विरोधात जाणार असेल, तर सुनावणी द्यावीच लागते. उत्तर भरताना पोर्टलवर सुनावणीचा पर्याय येतो, तिथेही 'होय' निवडायचे. शिवाय उत्तराची मुदत आणि सुनावणीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणजे दुसरी आपोआप वाढली असे होत नाही. दोन्ही नावे घेऊन मागा.

कारणाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. घरी चवथ आहे, माटोळी बांधायची आहे, ही अडचण गोव्यात कुणालाही कळते, अधिकाऱ्यालाही. पण कलम ७५(५) म्हणते की पुरेसे कारण दाखवले तर लेखी कारण नोंदवून सुनावणी पुढे ढकलता येते, आणि एका प्रकरणात एका व्यक्तीला ही सवलत तीन वेळांपेक्षा जास्त नाही. चतुर्थीसाठी एक, वकील नाहीत म्हणून एक, अशा तारखा संपवल्या की खरी गरज पडेल तेव्हा हात रिकामे. कागद न मिळणे हे त्यामानाने भक्कम कारण आहे, कारण त्यात चूक आपली नसते. २०२२ साली टी. टाकानो विरुद्ध सेबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोटिशीशी संबंधित तपासाचे साहित्य समोरच्याला दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्रयस्थाची गोपनीय माहिती झाकता येते, पण त्या सबबीखाली सगळा अहवाल दडवता येत नाही. त्यामुळे जबाबाच्या प्रतीत काही ओळी काळ्या केलेल्या दिसल्या तर लगेच भांडू नका. झाकले काय आणि आपल्याविरुद्ध वापरले काय, हे आधी बघा.

आमच्या दुकानदाराचा अर्ज २५ ऑगस्टला जातो, पोर्टलवर आणि कार्यालयातही, पोच घेऊन. तपासणी ८ सप्टेंबरला ठरते, सुनावणी २२ ला. तपासणीला जाताना सोबत आपली बिले, बँकेचा उतारा आणि ई-वे बिले न्यायची. आधी तारखा बघायच्या. पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ चा निघतो. म्हणजे माल आला त्यानंतर सव्वा वर्षाने कुणीतरी जाऊन कुलूप पाहिले. २०२१ मध्ये तिथे काय होते, याबद्दल अहवालात एक ओळ नाही. मग जबाब: पाच पानांतले तिसरे पान फाइलमध्येच नाही. आणि तक्त्यातील बारापैकी दोन बिलांवरचा जीएसटी क्रमांक दुसऱ्याच पुरवठादाराचा आहे. त्या दोन बिलांचे क्रेडिट ३६,००० रुपये. अहवालाची तारीख आणि जबाबाचे गहाळ पान तिथे न जाता घरबसल्या कळले नसते.

तपासणी संपल्यावर काय दाखवले, किती पाने, कोणते पान नव्हते, याची नोंद कागदावर करून अधिकाऱ्याची सही मागायची. सही मिळाली नाही तर त्याच दिवशी पोच घेऊन पत्र द्यायचे. महिन्याभराने "सगळे दाखवले होते" असे आदेशात आले तर हाच कागद कामाला येतो.

आता एक खाच. कलम ७४ च्या नोटिशीत कर, व्याज आणि करावर २५ टक्के दंड भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे, पण नोटिशीपासून ३० दिवसांतच. सुनावणी पुढे गेली म्हणून हे दिवस वाढत नाहीत. इथे ती मुदत १९ सप्टेंबरला संपते आणि सुनावणी २२ ला आहे. पूर्ण रकमेवर हा दंड ५४,००० रुपये होतो. आदेश विरोधात गेला तर, आदेशानंतर ३० दिवसांत भरल्यास ५० टक्के, नाहीतर करापेक्षा कमी नाही. म्हणून तपासणी लवकर मागायची. कागद बघून आपलीच बाजू लंगडी वाटली तर निर्णय १९ तारखेच्या आत घेता यायला हवा. या प्रकरणात आम्ही लढायचा सल्ला देऊ.

मुदतवाढ नाकारलीही जाते, विशेषतः अधिकाऱ्याची स्वतःची मुदत संपत आली असेल तेव्हा. २०२१-२२ साठी कलम ७४ चा आदेश ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत काढता येतो, त्यामुळे इथे घाईला जागा नाही. फसवणुकीचा आरोप नसतो त्या कलम ७३ मध्ये मात्र त्याच वर्षाची मुदत ३१ डिसेंबर २०२५, आणि तिथे शेवटच्या महिन्यांत तारखा मिळणे कठीण. म्हणून अर्ज दिला तरी तारीख वाढली असे समजू नका. लेखी उत्तर मिळेपर्यंत मूळ तारखेला हजर राहायचे, आणि हातात आहे तेवढ्यावर एक प्राथमिक उत्तर तयार ठेवायचे: "कागद मिळाल्यावर सविस्तर उत्तराचा हक्क राखून".

आमच्याकडे येताना नोटीस पूर्ण आणा, मोबाइलवर काढलेले पहिल्या पानाचे चित्र नको. ईमेल किंवा लिफाफा कोणत्या दिवशी मिळाला ते मागच्या बाजूला लिहून ठेवा. आणि पोर्टलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते आधी शोधा. अर्धा दिवस बहुतेक त्यातच जातो.