‘उपसूचनेसह मंजूर’: ठाणे-नवी मुंबईच्या अंदाजपत्रकात बातमी कुठे दडलेली असते

महापालिकेचे अंदाजपत्रक मंजूर झाले की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला असतो: इतक्या कोटींचे, करवाढ नसलेले, शिलकी अंदाजपत्रक. ‘शिलकी’ या शब्दाला मात्र बातमी म्हणून काही किंमत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार वर्षअखेरीस किमान एक लाख रुपये शिल्लक दाखवल्याशिवाय अंदाजपत्रक मंजूरच करता येत नाही. हा कायदा 1949 चा. हजारो कोटींच्या पालिकेलाही आज तोच लाखाचा आकडा लागू आहे. म्हणजे तुटीचे अंदाजपत्रक कागदावर येणे शक्यच नाही. तूट येते ती जमेच्या बाजूला फुगलेल्या एखाद्या आकड्यात लपून, आणि बहुतेक वेळा त्या आकड्याचा जन्म ‘उपसूचनेसह मंजूर’, म्हणजे नगरसेवकांनी मूळ प्रस्तावात सुचवलेल्या दुरुस्तीसह मंजूर, या दोन शब्दांत झालेला असतो.

हे असे का होते, त्याची मुळे ठाण्यापेक्षा जुनी आहेत. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने कारभाराचे दोन भाग केले. ठरवायचे सभागृहाने, अंमलबजावणी करायची सरकारने नेमलेल्या आयुक्ताने. 1949 च्या कायद्याने हीच घडी मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी उचलली. ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ला अस्तित्वात आली आणि नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ला. दोन्ही शहरांना हा कायदा तयार मिळाला. दोन्हींचा आरंभही प्रशासकाच्या हाताखाली झाला. नगरसेवक निवडून आले ते ठाण्यात 1986 ला आणि नवी मुंबईत 1995 ला.

या घडीत अंदाजपत्रकाचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. आयुक्त ते स्थायी समितीला सादर करतात. सोळा सदस्यांची स्थायी समिती त्यात बदल करून महासभेकडे पाठवते. महासभा पुन्हा बदल करते आणि 31 मार्चच्या आत अंतिम मंजुरी देते. प्रत्येक टप्प्यावर पुस्तक जाड होते. रस्ते, गटारे, उद्याने, समाजमंदिरे आणि ‘प्रभागातील विकासकामे’ या लेखाशीर्षांत नगरसेवक वाढ सुचवतात. त्यात वावगे काही नाही, लोकांनी त्यांना त्यासाठीच निवडून दिलेले असते. अडचण येते ती जमेच्या बाजूला. खर्च वाढला की जमाही तेवढीच वाढलेली दाखवावी लागते, कारण तो एक लाख शिल्लक राहिलाच पाहिजे.

इथे तारखांचा पेच पडतो. पुढच्या वर्षाच्या करांचे दर महासभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. महासभेत अंदाजपत्रकावर चर्चा रंगते तोवर ही तारीख बहुधा उलटून गेलेली असते. मालमत्ता कराचा दर तेव्हा वाढवता येत नाही, आणि वाढवायची हौसही कुणाला नसते. मग दर न बदलता ज्यांचा अंदाज वाढवता येईल अशीच उत्पन्ने उरतात.

पूर्वी असे एक हुकमी खाते होते. ठाण्यात जकात होती, नवी मुंबईत जकातीऐवजी उपकर. शहरात येणाऱ्या मालावर पैसे येत राहत, त्यामुळे अंदाज थोडा ताणला तरी निभावून जाई. एप्रिल 2013 मध्ये दोन्हींच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. ऑगस्ट 2015 मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर पालिकेच्या हातात राज्याकडून दरमहा येणारे अनुदान उरले. ते किती येणार हे ठरलेले असते, त्यामुळे ते फुगवले तर लगेच उघडे पडते. मालमत्ता कराची मागणी बिलांवरून मोजता येते, पाणीपट्टीचेही तसेच. फुगवायला सोयीची म्हणून मुख्यतः दोन खाती राहिली: बांधकाम परवानग्यांतून मिळणारे शहर विकास विभागाचे शुल्क आणि राज्य-केंद्राकडून ‘अपेक्षित’ अनुदान. किती इमारती परवानगीला येतील आणि सरकार कोणत्या योजनेला पैसे देईल, हे मार्चमध्ये कुणालाच सिद्ध करता येत नाही. खोडूनही काढता येत नाही.

एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्याही एका वर्षाचे नाहीत. शहर विकास शुल्काच्या ओळीत मागच्या वर्षी प्रत्यक्ष 540 कोटी जमा झाले. चालू वर्षाचा मूळ अंदाज 620 कोटींचा होता, तो सुधारित अंदाजात 560 वर आणला. पुढच्या वर्षासाठी आयुक्तांनी 600 धरले. स्थायी समितीने ते 700 केले आणि महासभेने 800. अंतिम पुस्तकात फक्त 800 दिसतात. आयुक्तांच्या 600 वर चढलेल्या 200 कोटींच्या आधाराने खर्चाच्या बाजूला 200 कोटींची कामे बसली. वर्षअखेर प्रत्यक्ष जमा 570 झाली, तर 230 कोटींचा खड्डा पडतो.

खड्डा पडला म्हणून कामे थांबतात असे नाही. तरतूद आहे म्हटल्यावर निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, ठेकेदार काम करतो. समजा त्यांतला एक रस्ता तीन कोटींचा आहे. बिल फेब्रुवारीत लेखा विभागात येते. तरतूद असते, पण तिजोरीत पैसे नसतात. बिल पुढच्या वर्षी जाते आणि त्याचे नाव ‘दायित्व’ होते. पुढच्या वर्षी त्याच लेखाशीर्षात 50 कोटी दाखवले आणि त्यातले 38 कोटी जुन्या बिलांत जाणार असले, तर नव्या कामाला 12 कोटीच राहतात. रस्त्यांसाठी 50 कोटी ही बातमी छापली जाते. त्यात नवे 12 कोटीच आहेत, हे समजायला दायित्वाची यादी मागावी लागते. ती अंदाजपत्रकाच्या पुस्तकात असेलच असे नाही. असली तर परिशिष्टात, बारीक अक्षरात.

आयुक्तांकडेही यावर उतारा असतो. सभागृहाने तरतूद केली तरी पैसे सोडणे प्रशासनाच्या हातात. परिपत्रक काढून तरतुदीचा ठरावीक हिस्साच खर्चाला उपलब्ध करायचा, हा त्यांचा नेहमीचा मार्ग. दुसरे दुखणे उशिराचे. महासभेत ‘मंजूर’ म्हटले जाते त्या क्षणी ठरावाचा अंतिम मजकूर तयार नसतो. सूचक, अनुमोदक आणि उपसूचना जुळवून, सही होऊन तो प्रशासनाकडे पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर खर्च आयुक्तांच्या मूळ अंदाजाने चालतो. नगरसेवक म्हणतात प्रशासन कामे अडवते, अधिकारी म्हणतात ठरावच आला नाही. त्या दिवशी दोघेही खरे बोलत असू शकतात.

म्हणून सभेत बसलेल्याने भाषणांपेक्षा उपसूचनेकडे कान लावावा. ती लेखी असते आणि पुष्कळदा पूर्ण वाचली जात नाही. ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ एवढेच म्हटले जाते आणि पीठासीन अधिकारी पुढच्या विषयाकडे वळतात. खर्चाची बाजू त्या यादीत प्रभागवार सविस्तर असते. जमेची बाजू एखाद्या ओळीत उरकलेली असते, आणि बातमी त्याच ओळीत असते. मतदान झाले का, विरोधी पक्षाने उपसूचनेला अनुमोदन दिले का, हेही टिपून ठेवावे. सर्वपक्षीय अनुमोदन असेल तर वाढीव कामांची यादी सर्वपक्षीय निघण्याची शक्यता मोठी. तेव्हा वर्षभर भांडणारे त्या दिवशी गप्प का होते, याचे उत्तर यादीतल्या प्रभाग क्रमांकांत शोधता येते.

तपासायची पद्धत कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. तीन पुस्तके शेजारी ठेवायची: आयुक्तांचे, स्थायी समितीचे आणि महासभेचे अंतिम. आधी फक्त जमेची बाजू घ्यायची आणि बदललेल्या ओळींवर खूण करायची. त्या बहुधा मूठभरच निघतात. मग त्याच ओळींचा मागच्या तीन वर्षांचा मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष जमा शेजारी लिहायची. मूळ अंदाजाच्या तुलनेत प्रत्यक्ष जमा दरवर्षी कमी पडत असेल आणि तरी ओळ दरवर्षी वाढत असेल, तर सापडले. इथे सुधारित अंदाजाचा रकाना फसवतो. तो वर्षाच्या शेवटाकडे प्रत्यक्ष परिस्थितीनुसार दुरुस्त केलेला असतो. प्रत्यक्ष जमेची त्याच्याशी तुलना केली तर सगळे अंदाज अचूक वाटतात. मूळ अंदाजाचा रकाना नव्या पुस्तकात आकसलेला किंवा गायब असेल, तर मागच्या वर्षीचे पुस्तक काढावे लागते.

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून सभागृहच नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचे आणि स्थायी समितीच्या नि महासभेच्या अधिकारात त्यांनीच मंजूर करायचे. लोकशाहीच्या दृष्टीने ही वर्षे वाईटच, पण हिशेब तपासणाऱ्याला त्यांनी एक सोय करून दिली. या वर्षांत उपसूचना नाहीत. तेव्हाच्या मूळ अंदाजात आणि प्रत्यक्ष जमेत जो फरक आहे, तो निव्वळ प्रशासनाच्या आशावादाचा. 2020 किंवा 2022 पूर्वीचा फरक त्यापेक्षा किती मोठा होता हे पाहिले, तर सभागृहाचा वाटा वेगळा काढता येतो. फक्त कोविडचे 2020-21 हे वर्ष या तुलनेत धरू नये. त्या वर्षी बांधकाम शुल्काचा अंदाज कुणाचाच बरोबर येणे शक्य नव्हते.

या वर्षांचा दुसरा वारसा म्हणजे अनेक वर्षे चालणारी कामे. प्रशासकाच्या काळात दिलेल्या कार्यादेशांचे हप्ते नव्या सभागृहाच्या अंदाजपत्रकात येणारच. त्यामुळे नवे नगरसेवक उपसूचना द्यायला बसतात तेव्हा लेखाशीर्षाचा मोठा भाग आधीच बांधला गेलेला असतो, आणि जमा फुगवण्याचा मोह पूर्वीपेक्षा जास्त असतो.

मागायचे कागद तीन: उपसूचनेची यादी जोडलेला सहीचा ठराव, लेखाशीर्षनिहाय दायित्वाची यादी, आणि शहर विकास विभागाची महिनावार प्रत्यक्ष जमा. पहिला सचिव विभागात मिळतो, दुसरा लेखा विभागात. तिसरा सहज दिला जात नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘सुधारित’ असा शब्द कुठेही न लिहिता वर्ष, महिना आणि ‘प्रत्यक्ष जमा’ एवढेच लिहावे. नाहीतर उत्तरात सुधारित अंदाजाचे पान झेरॉक्स करून येते.