डिलोडचा आठवडा: कधी घ्यायचा आणि त्यात नेमकं काय कमी करायचं
(आमच्या जिमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

"या आठवड्यात अर्धेच सेट मारा," असं आम्ही सांगितलं की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. महिन्याची फी भरलेली असते, सकाळी साडेपाचला उठून आलेलो असतो, आणि वर ट्रेनरच कमी करायला सांगतोय! म्हणून हे पत्रक. आम्ही असं का सांगतो, कोणाला सांगतो आणि त्या आठवड्यात तुमच्या वहीत काय लिहिलं जायला हवं, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

आधी कारण. जड वजनांचा व्यायाम आठवडे-आठवडे चालू राहिला की ताकद वाढते आणि सोबत थकवाही साठत जातो. हा थकवा एका रात्रीच्या झोपेने जाणारा नसतो. तो सांध्यांत, स्नायूंच्या टोकांशी, झोपेत आणि भुकेत मुरलेला असतो. मात्र कामाचा भार कमी केला की थकवा काही दिवसांत उतरतो आणि कमावलेली ताकद त्याहून बरीच सावकाश उतरते. डिलोड या फरकावरच उभा आहे. ताकद गेलेली नसते, थकव्याखाली दबलेली असते. आठवडाभर भार हलका केला की ती वर येते.

गरज आहे की नाही, हे वहीवरून ठरवा

"आज मूड नाही" हे डिलोडचं कारण नव्हे. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. आम्ही सलग दोन-तीन वेळचे आकडे पाहतो. तोच व्यायाम, तेच वजन, आणि रेप वाढण्याऐवजी कमी होतायत का? एकाच व्यायामात घसरण असेल तर पकड किंवा पाय ठेवण्याची पद्धत चुकत असेल. स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट तिन्ही एकदम खाली आले तर मात्र साठलेल्या थकव्याचा संशय घ्यायला हवा.

वहीच्या जोडीला अंगाची साक्ष घ्या. वॉर्मअपचे 40-50 किलो खांद्यावर जड वाटू लागतात. एरवी सपकन वर जाणारा बार मधेच रेंगाळतो. मोबाईलवर बाजूने काढलेले दोन आठवड्यांचे व्हिडिओ शेजारी ठेवले की हा फरक डोळ्यांना दिसतो. कोपर किंवा गुडघ्याची बारीक ठणक वॉर्मअपनंतरही जात नाही. दमलेले असूनही रात्री झोप लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त येते, आणि तीही लागोपाठ चार-पाच दिवस. यातली दोन-तीन लक्षणं आणि वहीतली घसरण एकत्र दिसली की आम्ही पुढच्या सोमवारपासून डिलोड लिहून देतो.

त्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतोच: गेल्या पंधरा दिवसांत खाण्यात आणि झोपेत काय बदललं? श्रावणात दिवसभर साबुदाणा आणि चहावर असणाऱ्याचे रेप कमी झाले, तर प्रोग्रॅममध्ये दोष नाही, ताटात प्रथिनं कमी पडतायत. अशा वेळी डिलोडने तात्पुरतं बरं वाटतं आणि घसरण परत सुरू होते.

कोणाला याची गरज नसते, तेही सांगतो. जिम सुरू करून सहा महिने झाले नसतील तर तुमची वजनं अजून एवढी जड नाहीत. आठवड्यातून दोनच दिवस येत असाल तर मधले पाच दिवस विश्रांतीचेच असतात. ज्यांच्या वहीत दर महिन्याला आठ-दहा दिवसांची गॅप दिसते, त्यांचा डिलोड आपोआप होतोच आहे. आठवड्यात चार-पाच दिवस नियमित आणि जड मारणाऱ्यांना साधारण सहा ते आठ आठवड्यांनी याची गरज पडते. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि वजन उतरवण्यासाठी कमी खाणाऱ्यांना ती लवकर, चार-पाच आठवड्यांतच जाणवते.

सेट कमी करा, वजन फार उतरवू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक बारवरच्या प्लेट काढून टाकतात आणि सेट मात्र तेवढेच मारतात. नाहीतर आठवडाभर जिमकडे फिरकतच नाहीत. थकवा मुख्यतः एकूण कामातून येतो, म्हणजे किती सेट आणि किती रेप झाले त्यातून. म्हणून ते काम निम्म्यावर आणा. वजन मात्र नेहमीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे जड बार हाताळायची सवय मोडत नाही. प्रत्येक सेट संपताना आणखी चार-पाच रेप सहज निघाले असते, असं वाटायला हवं. फेल्युअरपर्यंत एकही सेट न्यायचा नाही. यायचे दिवस नेहमीचेच ठेवा.

2024 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. व्यायामाची सवय असलेल्या लोकांना 9 आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता आणि त्यातल्या एका गटाने मधला एक आठवडा व्यायाम पूर्ण बंद ठेवला. शेवटी स्नायूंच्या वाढीत दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता, पण पायांच्या ताकदीत न थांबलेला गट थोडा पुढे होता. म्हणजे एका आठवड्याने दंड बारीक होतील ही भीती सोडून द्या. आणि ताकद हवी असेल तर पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा थोडं काम चालू ठेवलेलं बरं, असं आम्ही यावरून धरतो. डिलोड घेतल्याने स्नायू जास्त वाढतात, असा दावा मात्र आम्ही करत नाही. गरज नसताना दर चार आठवड्यांनी ठरवून डिलोड घेणारे कामाचे आठवडे फुकट घालवतात.

सांधे दुखत असतील तर नियम थोडा बदलतो. तेव्हा वजनही साठ-सत्तर टक्क्यांवर आणा आणि बार सावकाश खाली घ्या. नवा व्यायाम मात्र या आठवड्यात सुरू करू नका. अंगाला सवय नसलेली हालचाल केली की दुसऱ्या दिवशी स्नायू धरतात, आणि विश्रांतीचा आठवडा दुखण्यात जातो.

एका सभासदाची वही

आमच्या एका सभासदाची वही त्यांच्या परवानगीने इथे मांडतो. वय 38, तीन वर्षांचा सराव, आठवड्यातून चार दिवस. स्क्वॉटचे पाच सेट, प्रत्येकी पाच रेप. पहिल्या आठवड्यात 85 किलो, मग दर आठवड्याला अडीच किलो वाढ. चौथ्या आठवड्यात 92.5 किलोवर पंचवीसच्या पंचवीस रेप झाले. पाचव्या आठवड्यात 95 किलो लावले, तेव्हा शेवटच्या सेटला चारच निघाले. त्यात काही वावगं नव्हतं, कारण वजन नवं होतं. सहाव्या आठवड्यात तेच 95 किलो ठेवले आणि आकडे आले 5, 4, 4, 3, 3. त्याच आठवड्यात बेंचवर 65 किलोचे आठ रेप सहावर आले. झोप नीट होती, जेवणात बदल नव्हता, पण डाव्या गुडघ्याखाली जिना उतरताना ठणकत होतं.

सातव्या आठवड्यात आम्ही स्क्वॉटला 85 किलोचे तीन सेट दिले, प्रत्येकी चारच रेप. हिशेब करून पाहा. नेहमीचं काम 95 गुणिले 25, म्हणजे 2375 किलो. डिलोडचं काम 85 गुणिले 12, म्हणजे 1020 किलो. निम्म्याहूनही कमी, आणि तरी बारवर 85 किलो होतेच. बेंच 60 किलोवर चार सेटऐवजी दोन सेट, पाच-पाच रेप. लेग प्रेस चारवरून दोन सेटवर आणली. लंजेस गुडघ्यामुळे पूर्ण बंद. बायसेप्स-ट्रायसेप्सचा एकेक सेट हौसेपुरता ठेवला. पाऊण तासात ते मोकळे व्हायचे आणि बुधवारीच विचारू लागले, "सर, एक सेट वाढवू का?" आम्ही नाही म्हटलं. ही खुमखुमी आठवड्याच्या मधे परत येणं हे चांगलं लक्षण, पण ती लगेच भागवली तर डिलोड तिथेच संपतो.

आठव्या आठवड्यात थेट 95 किलोवर न जाता 92.5 किलोचे चार सेट दिले. वीसही रेप स्वच्छ निघाले आणि जिना उतरताना गुडघ्याची तक्रार नव्हती. नवव्या आठवड्यात 95 किलोवर पाचही सेट पूर्ण झाले. तिथून पुढे वाढ सव्वा किलोची केली, कारण अडीच किलोची उडी आता त्यांच्यासाठी मोठी झाली होती. आमच्याकडचे लहान प्लेट याचसाठी आहेत.

वाचलेला वेळ आणि वाचलेली ताकद

जिममध्ये वीस-पंचवीस मिनिटं वाचतात आणि ती ट्रेडमिलवर घालवावीशी वाटतात. सावकाश चालणं ठीक आहे. धावण्याच्या जोरदार फेऱ्या नकोत. पावसाळ्यात तर हमखास कोणीतरी डिलोडच्या रविवारी गडावर जातं. चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतरताना होते. प्रत्येक पावलाला ताणलेला स्नायू अंगाचं वजन अडवतो, आणि त्यानंतर तीन दिवस पाय धरतात. अशा पायांनी सोमवारी स्क्वॉटला आलात तर डिलोडचा उपयोग झालाच नाही, असं वाटेल. ट्रेक करायचाच असेल तर आम्हाला आधी सांगा, डिलोड पुढच्या आठवड्यात टाकू.

उलट काही सुट्ट्या डिलोडच्या कामी येतात. गणपतीला गावी कोकणात जाणाऱ्यांचा पाच-सात दिवस व्यायाम होतच नाही. त्यांच्यासाठी आम्ही आधीचे दोन आठवडे मुद्दाम जड ठेवतो आणि गावचा आठवडा विश्रांतीचा धरतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी नव्वद टक्के वजन, कमी सेट.

जेवण कमी करू नका. व्यायाम निम्मा म्हणून भाकरीही निम्मी, असा हिशेब लोक करतात. स्नायूंची डागडुजी याच आठवड्यात चाललेली असते. डाळ, अंडी, दूध, पनीर, मासे जे नेहमी घेता ते तेवढंच घ्या आणि जमल्यास रोज अर्धा तास आधी झोपा.

एका ठिकाणी बोचणारी तीव्र कळ, सांध्यावर सूज, हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तो डिलोडचा विषय नाही, डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तर व्यायाम पूर्ण बंद. आणि डिलोड नीट घेऊनही पुढच्या दोन आठवड्यांत वॉर्मअपची वजनं जडच वाटत राहिली, तर डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 तपासायचं का ते विचारा. तिथे आणखी एक डिलोड घेऊन काही साधत नाही.

डिलोडच्या आठवड्यात वहीच्या पानावर वर मोठ्या अक्षरात "डि" लिहा आणि तारीख टाका. संध्याकाळच्या बॅचचा ट्रेनर वेगळा असतो. ते अक्षर दिसलं की तो तुम्हाला "आणखी दोन रेप" म्हणून ओरडणार नाही. वही नसेल तर काउंटरवर कोरी मागून घ्या, तिचे पैसे नाहीत.