साखर कारखान्याचा बीटा आणि 31 मार्चचे कर्ज : पार्श्वभूमी

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीने इथेनॉलच्या डिस्टिलरीत पैसे घालायचे ठरवले, की प्रकल्प अहवालात एक रकाना अडतो : भागभांडवलावर किती टक्के परतावा मिळायला हवा? फाउंड्रीचा स्वतःचा आकडा इथे चालत नाही. ओतकामाची मागणी ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या खपावर हलते. डिस्टिलरीचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या इथेनॉलच्या दरावर आणि उसावर हलते. म्हणून दुसऱ्या धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांचा बीटा, म्हणजे बाजाराबरोबर त्यांचा शेअर किती हलतो तो आकडा, घ्यायचा, त्यातला त्यांच्या कर्जाचा भाग उतरवायचा आणि आपल्या प्रकल्पाचे कर्ज त्यावर चढवायचे. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही, पण बहुतेक सहकारी. त्यांचे शेअर बाजारात नाहीत, म्हणून त्यांना बीटाही नाही. तुलनेच्या कंपन्या मग मुख्यतः उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातून येतात.

पद्धतीचा उगम थोडक्यात असा. कर नसलेल्या जगात कर्ज-भांडवलाच्या प्रमाणाने कंपनीचे मूल्य बदलत नाही, ही मांडणी 1958 ची. तिच्यात कराची दुरुस्ती झाली 1963 मध्ये. जोखीम आणि परताव्याला बीटाने जोडणारे प्रतिमान 1964 चे. या दोन धाग्यांची गाठ 1969 आणि 1972 च्या लेखांनी मारली, आणि आजही एक्सेलमध्ये बहुतेकांच्या हातून उतरते ते सूत्र तेच :

```
βU = βL / (1 + (1 − t) × D/E)
```

यात βL हा कर्जासह बीटा, βU कर्जमुक्त बीटा, t कराचा दर, D कर्ज आणि E भागभांडवलाचे बाजारमूल्य. खरा वाद त्या (1 − t) चा आहे. कराचा हा गुणक बरोबर ठरायला कर्जाची रक्कम रुपयांत कायमची ठरलेली असावी लागते. तसे असेल तर व्याजावरची करबचत कर्जाइतकीच खात्रीची होते. पण कंपनी कर्ज आपल्या मूल्याच्या प्रमाणात वर-खाली करत असेल, तर करबचतही धंद्याइतकीच डोलते. 1980 मध्ये वर्षातून एकदा प्रमाण जुळवणाऱ्या कंपनीसाठी आणि 1985 मध्ये सतत जुळवणाऱ्या कंपनीसाठी सूत्रे आली. दुसऱ्यात कर उरतच नाही; भागाकार नुसत्या 1 + D/E ने होतो. तिन्ही सूत्रांत कर्जाचा स्वतःचा बीटा बहुधा शून्य धरतात. गळ्यापर्यंत कर्जात असलेल्या कारखान्याला ते लागू नाही. त्याचा कर्जमुक्त बीटा त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

कोणते सूत्र घ्यायचे? आकडे घालून पाहू. समजा तुलनेच्या कंपन्यांचा मधला बीटा 1.40, कर्ज बाजारमूल्याच्या 0.60 पट, कर 25.17 टक्के, आणि प्रकल्पाचे उद्दिष्ट प्रमाण 0.75. कराचे सूत्र दोन्ही वेळा वापरले तर कर्जमुक्त बीटा 0.97 येतो आणि कर्ज चढवल्यावर 1.51. बिनजोखमीचा दर 7 आणि बाजाराचा जादा परतावा 7 टक्के धरला, तर भागभांडवलाचा खर्च 17.6 टक्के. कर न धरणारे सूत्र दोन्ही वेळा वापरले तर 0.875, मग 1.53, आणि खर्च 17.7 टक्के. एवढ्या वर्षांच्या वादाची किंमत इथे एक दशांश टक्का. कारण दोन प्रमाणे जवळ असली की उतरवतानाची चूक चढवताना भरून निघते.

अंगाशी येते ती सरमिसळ. कुणाच्या तक्त्यातून कर न धरता उतरवलेला 0.875 उचलला आणि स्वतःच्या फाइलमधल्या जुन्या सूत्राने, कर धरून, चढवला, की बीटा 1.37 आणि खर्च 16.6. एक ते सव्वा टक्क्याचा फरक, आणि तो प्रकल्पाच्या बाजूने. तयार तक्ता वापरताना तो कोणत्या सूत्राने उतरवला आहे हे तळटीपेत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही जण या सरमिसळीचे समर्थनही करतात : कारखान्याचे खेळते कर्ज साठ्याबरोबर हलते, प्रकल्पाचे मुदत कर्ज मात्र ठरलेले असते. पण ते कर्ज हप्त्याहप्त्याने फिटून काही वर्षांत संपते आणि सूत्राला ते कायमचे हवे असते. त्यामुळे दोन्ही बाजूंना कर न धरणारे सूत्र वापरणे बरे, असे आमचे मत.

सूत्रावरून भांडणारे ज्या आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत तो म्हणजे D, आणि साखरेच्या बाबतीत तो नक्की फसवतो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला आटोपतो. उसाचा किमान भाव म्हणजे एफआरपी कायद्याने 14 दिवसांत द्यायची, साखर मात्र सरकारच्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकायची. मधली खिंड गोदामातली साखर तारण ठेवून भरतात. म्हणजे 31 मार्चच्या ताळेबंदात साठा आणि कर्ज दोन्ही शिगेला असतात, सप्टेंबरअखेर दोन्ही ओसरलेले. बीटा मात्र वर्षभराच्या भावांतून काढलेला असतो.

वरच्याच कंपनीचे बाजारमूल्य 1000 कोटी आणि मार्चचे कर्जही 1000 कोटी धरा. प्रमाण 1.0 घालून कराच्या सूत्राने उतरवले की कर्जमुक्त बीटा 0.80, चढवल्यावर 1.25 आणि खर्च 15.8 टक्के. मघाच्या 17.6 पेक्षा पावणेदोन टक्क्यांहून जास्त खाली, आणि सूत्र तेच. ओळखायची खूण सोपी आहे : वर्षाचे व्याज भागिले मार्चचे कर्ज. व्याज 54 कोटी असेल तर उत्तर 5.4 टक्के, कारखान्याला 9 टक्क्यांनी कर्ज मिळत असेल तर सरासरी कर्ज 600 कोटींच्या आसपास होते. फक्त इथेनॉल कर्जांवरची व्याज सवलत आणि भांडवली खात्यात टाकलेले व्याज आधी परत मिळवून घ्यावे, नाहीतर सरासरी कमी दिसेल. नोंदणीकृत कंपन्या सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही देतात. मार्च-सप्टेंबरची सरासरी याच्या जवळ आली, तर आकडा टिकतो.

कराचा दरही दोन ठिकाणी दोन असू शकतो. सप्टेंबर 2019 नंतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना 25.17 टक्के, आधी मोठ्या कंपन्यांना 34.94 होता. बीटा ज्या पाच वर्षांच्या भावांतून काढला त्या खिडकीत दोन्ही राजवटी आल्या, तर त्या वर्षांचा दर त्या वर्षांना. इथल्या बऱ्याच फाउंड्र्या अजून भागीदारी संस्था आहेत. प्रकल्प त्याच संस्थेत घेतला तर एक कोटीवरच्या उत्पन्नाला आजही 34.94 च लागतो. कराचे सूत्र वापरणाऱ्याने चढवताना हा दर घ्यावा, कारखान्याचा नव्हे.

शेवटचा पेच बीटाच्याच खिडकीचा. 2018-19 पासून बी-हेवी मळी आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला वेगळे दर मिळू लागले, तेव्हापासून साखर कंपनीचे उत्पन्न हळूहळू बदलत गेले. डिसेंबर 2023 मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी आली, काही दिवसांत ती सैल झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या हंगामासाठी उठली. साठ महिन्यांच्या एकाच बीटात हे सगळे कालवले जाते. शिवाय तो बीटा निव्वळ डिस्टिलरीचा नाहीच. त्यात साखर, इथेनॉल आणि सहवीजनिर्मिती तिन्ही आहेत. इथेनॉलचा वाटा कमी-जास्त असलेल्या कंपन्या ओळीने लावून कर्जमुक्त बीटा वाट्याबरोबर सरकतो का, हे पाहता येते. सरकत नसेल, तर साखरेचा बीटाच डिस्टिलरीला लावला आहे, असे अहवालात सरळ लिहावे.