स्टारसाठी दोन नव्या स्टेट काढा, मगच वही आणा
(थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या विद्यार्थ्यांसाठी, आसरा चौक, सोलापूर)

रेग्युलर एक्सप्रेशनवरून एप्सिलॉन-एनएफए काढण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडलेली हीच ती रीत. एका अक्षराला दोन स्टेट, आणि त्यापुढे तुकड्याला तुकडा जोडत जायचे. परीक्षा जवळ आली की आमच्याकडे रोज वह्या येतात, आणि बहुतेकींत चूक एकाच जागी असते: स्टार.

a* काढताना बरेच जण नव्या स्टेट घेत नाहीत. जुन्या स्टार्टपासून फायनलकडे एक एप्सिलॉन आणि फायनलपासून स्टार्टकडे दुसरा, एवढ्यावर काम उरकतात. नुसत्या a* ला हे बरोबर चालते, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. आता a*b* घ्या. दोन्ही तुकडे असेच काढले आणि जोडताना पहिल्याची फायनल व दुसऱ्याची स्टार्ट एक केली, तर हे मिळते:

```
0 -a-> 1   0 -ε-> 1   1 -ε-> 0
1 -b-> 2   1 -ε-> 2   2 -ε-> 1
```

यात ba टाकून पाहा. सुरुवातीलाच एप्सिलॉनने तिन्ही स्टेट मिळतात. b वाचून 2 वर गेलो, तिथून एप्सिलॉनने मागे 0 वर आलो, a वाचला आणि एप्सिलॉनने पुन्हा 2 वर पोहोचलो. ba स्वीकारले गेले! खरे तर a*b* मध्ये b नंतर a येऊच शकत नाही.

कारण साधे आहे. प्रत्येक तुकड्याच्या स्टार्टमध्ये बाण येता कामा नये आणि फायनलमधून बाण निघता कामा नये. म्हणून स्टारला दोन नव्या स्टेट आणि चार एप्सिलॉन लागतात:

```
0 -ε-> 1   1 -a-> 2   2 -ε-> 3
2 -ε-> 1   0 -ε-> 3
```

b* साठी 3 पासून 6 पर्यंत हेच करा. आता b वाचल्यावर आपण 5 वर असतो आणि एप्सिलॉनने फक्त 4 व 6 मिळतात. a साठी वाटच नाही. ba नाकारले गेले.

"सर, एवढ्या स्टेट कशाला?" असे विचारणारे पुष्कळ आहेत. आकृती मोठी होते हे खरे, पण ती कुठेही जोडली तरी बिघडत नाही. आखूड आकृती जोडताना दर वेळी नव्याने विचार करावा लागतो. शिवाय मोजून तपासता येते: प्रत्येक अक्षर, स्टार आणि युनियनला दोन स्टेट, आणि एकत्र केलेल्या प्रत्येक जोडाला एक वजा. a*b* ला आठ वजा एक, म्हणजे सात. संख्या कमी आली तर आधी स्टार पाहा.

तपासणीसाठी नुसत्या शेवटच्या आकृतीचा फोटो पाठवू नका. त्यावरून चूक कोणत्या पायरीला झाली ते कळत नाही आणि तुमचाच तास जातो. प्रत्येक तुकडा वेगळा काढलेली वही आणा, समोरासमोर बसून तपासून देतो. स्टार आणि युनियन एकत्र असलेली उदाहरणे रविवारच्या बॅचमध्ये फळ्यावर पूर्ण सोडवतो. पहिल्या रविवारी येऊन बसायला फी नाही.