डाळ-धान्याची जोडी आणि प्रोटीनची प्रत

वरण-भात, झुणका-भाकर, खिचडी, इडली, या सगळ्यांत एक धान्य आणि एक डाळ असते, आणि दोन्ही एकत्र खाल्ल्यावर मिळणारं प्रोटीन हे नुसत्या धान्याच्या किंवा नुसत्या डाळीच्या प्रोटीनपेक्षा चांगल्या प्रतीचं असतं, म्हणजे शरीर त्यातला जास्त भाग खरोखर वापरू शकतं. एवढं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, पण डाळ किती लागते हे धान्यावर अवलंबून असतं, भाताला पुरणारी डाळ भाकरीला पुरत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून ही नोंद मुख्यतः त्यावरच आहे.

आधी प्रत म्हणजे काय ते बघू. प्रोटीन अमिनो अॅसिडचं बनलेलं असतं, त्यातली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. माळ ओवताना ठरलेल्या क्रमात नऊ रंगांचे मणी हवेत आणि लाल मणी संपले तर बाकीचे कितीही असले तरी माळ तिथेच थांबते, तसंच इथे होतं. जे अमिनो अॅसिड गरजेच्या मानाने सगळ्यात कमी आहे तेच ठरवतं की किती प्रोटीन बांधलं जाणार, उरलेली अमिनो अॅसिड शरीर जाळून टाकतं. धान्यात कमी पडणारा मणी म्हणजे लायसिन. डाळीत लायसिन भरपूर असतं, तिथे मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधक असलेली जोडी तोकडी पडते, जी धान्यात पुरेशी असते. एकाचं कमी ते दुसऱ्याकडे जास्त, एवढं साधं गणित आहे.

हे असं का, तर दाण्यात साठवलेलं प्रोटीन कोणत्या जातीचं आहे त्यामुळे. गहू, ज्वारी, मका यांच्या साठ्यात प्रोलामिन नावाचा गट मोठा असतो आणि त्यात लायसिन जवळजवळ नसतंच. १९१४ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना प्रोटीन म्हणून फक्त मक्याचं झेइन (हेही प्रोलामिनच) दिलं तर उंदीर रोडावत गेले, ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो अॅसिड घातल्यावर वजन टिकलं आणि वर लायसिनही घातलं तेव्हा कुठे ते वाढायला लागले. तांदूळ मात्र वेगळा आहे, त्याच्या साठ्यात प्रोलामिन थोडं आणि ग्लुटेलिन जास्त, म्हणून तांदळात प्रोटीन एकूण कमी असलं तरी त्याची प्रत ज्वारी-गव्हापेक्षा वरची. डाळींचा साठा ग्लोब्युलिनचा, लायसिनने भरलेला आणि गंधकात गरीब.

आता प्रत्यक्ष ताटाचं गणित करू. मोठ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २००७ चं माप आहे की दर ग्रॅम प्रोटीनमागे ४५ मिलीग्रॅम लायसिन हवं. तांदळात साधारण ३७ असतं, ज्वारीत साधारण २३, तूरडाळीत साधारण ६७ (वाणाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात). १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रोटीन असतं आणि १५ ग्रॅम तूरडाळीत सव्वातीन. दोन्हींचं लायसिन मिळून साधारण ५१० मिलीग्रॅम होतं, त्याला एकूण सव्वाअकरा ग्रॅम प्रोटीनने भागलं की ४५ येतं. म्हणजे भाताला एवढीशी डाळसुद्धा प्रतीच्या हिशेबाने पुरते.

तीच १५ ग्रॅम डाळ दोन भाकऱ्यांबरोबर घ्या, १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ धरून. ज्वारीचं १० ग्रॅम प्रोटीन, लायसिन २३० मिलीग्रॅम, डाळीचं आणखी २२० च्या आसपास, भागाकार येतो जेमतेम ३४. माप गाठायचं तर डाळ ४५ ग्रॅमपर्यंत न्यावी लागते, म्हणजे तिप्पट. गव्हाच्या चपातीचीही गोष्ट जवळपास अशीच आहे, १०० ग्रॅम कणकेला ४० ग्रॅमच्या पुढे डाळ लागते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट पिठलं, झुणका, मटकीची उसळ हे पदार्थ बरोबर बसतात आणि भाकरीवर पातळ आमटी ओतून जेवलं की पोट भरतं पण लायसिन कमीच राहतं. माझं स्पष्ट मत आहे की भाकरी-चपाती खाणाऱ्या घरात भाताच्या घरापेक्षा डाळ जास्त शिजायला हवी, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं.

भाताच्या बाबतीत एक मात्र लक्षात ठेवा, प्रत जमली म्हणजे प्रमाण जमलं असं नाही. वरच्या भात-डाळीत प्रोटीन सव्वाअकरा ग्रॅमच आहे. दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम ही भारतीय शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, आणि जेवण बहुतेक धान्याचंच असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरायला सांगतात कारण असं प्रोटीन पचतंही थोडं कमी. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण-संशोधन संस्थेने २०२० मध्ये ३ भाग धान्य, १ भाग डाळ आणि अडीच भाग दूध असं प्रमाण सुचवलं ते यामुळेच.

घरात डाळ पुरेशी जाते का हे वाटीवरून कळत नाही, पातळ वरणाची वाटी आणि घट्ट वरणाची वाटी दिसायला सारखीच भरलेली असते. त्यापेक्षा डबा बघा. चार माणसांच्या घरात सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून १ किलो आठ दिवसांत संपत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम पडतात, तेच पंधरा-सोळा दिवस पुरत असेल तर १५ ग्रॅमच, आणि घर भाकरीचं असेल तर हे नक्की कमी आहे.

स्वयंपाकात बिघडतं कुठे, तर लायसिन कोरड्या उष्णतेला नाजूक असतं, पिठातल्या साखरेशी जोडलं जाऊन ते शरीराच्या उपयोगाचं राहत नाही. थालीपिठाची भाजणी मंद आचेवर खमंग भाजली तर नुकसान थोडं, पण काळपट होईपर्यंत भाजली तर जे मिळवायला डाळ घातली तेच जळतं. उलट डाळ कच्चट राहिली तर तिच्यातले, प्रोटीन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ शिल्लक राहतात आणि प्रोटीन नीट पचत नाही, म्हणून डाळ बोटात सहज मोडेपर्यंत शिजवायची. ज्वारीचं आणखी एक आहे, पाण्यात शिजवली की तिचं प्रोटीन आपसात गुंफलं जातं आणि पचायला जड होतं, पीठ आंबवलं की हा दोष कमी होतो, आंबील त्या दृष्टीने चांगली.

दोन्ही एकाच घासात खायलाच हवं का? मोठ्यांना नाही, शरीरात अमिनो अॅसिडचा थोडा साठा फिरत असतो, सकाळी भाकरी आणि दुपारी उसळ असं दिवसभरात जमलं तरी चालतं. लहान मुलांचं पोट छोटं आणि गरज मोठी, १ ते २ वर्षांच्या मुलाला ग्रॅममागे ५२ मिलीग्रॅम लायसिन हवं, त्यामुळे तिथे एकत्र दिलेलं बरं. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळीच्या खिचडीचा हिशेब केला तर ५५ च्या आसपास येतो, म्हणजे मूल फक्त चार-सहा चमचेच खाणार असलं तरी त्या चमच्यांतल्या प्रोटीनची प्रत पुरेशी असते, फक्त ती पाणी घालून पेजेसारखी पातळ करू नका.