"मधुमेहींचे निकाल वेगळे दाखवा": परीक्षकांना काय उत्तर द्यायचं?

हृदयरोगाच्या औषधावरचा लेख जर्नलकडे पाठवला की परीक्षकांची ही मागणी बऱ्याचदा येते. नाशिकच्या कुठल्याही हृदयरोग ओपीडीत मधुमेही रुग्ण भरपूर दिसतात, त्यामुळे ती रास्तही वाटते. तरीही उत्तराचं पत्र फार जपून लिहावं लागतं.

आकडे काल्पनिक घेऊ. समजा, नाशिकच्या एका टीमने ६०० रुग्णांवर चाचणी केली, निम्म्यांना नवं औषध दिलं. वर्षभरात औषध घेणाऱ्या ३०० पैकी ३६ जणांना पुन्हा हार्ट अटॅक आला, न घेणाऱ्या ३०० पैकी ५४ जणांना. म्हणजे १२ टक्के विरुद्ध १८ टक्के. आता परीक्षकांच्या सांगण्यावरून २०० मधुमेही बाजूला काढले, तर औषध घेणाऱ्या १०० जणांत १७ आणि न घेणाऱ्या १०० जणांत १९ अटॅक निघाले. फायदा जवळजवळ नाहीसाच झाला!

"मधुमेहींना हे औषध लागू पडत नाही" असं इथे लिहून टाकलं, तर उद्या कुणीतरी डॉक्टर त्यांचं औषध बंद करील. खरा प्रश्न असा की मधुमेही आणि बिगर-मधुमेही यांच्या फायद्यात जो फरक दिसतो, तो निव्वळ योगायोगानेही दिसला असता का? तो तपासणाऱ्या चाचणीला इंटरॅक्शन टेस्ट म्हणतात. आपल्या आकड्यांवर ती लावली तर पी-व्हॅल्यू साधारण ०.२१ येते. म्हणजे दोन्ही गटांना सारखाच फायदा होत असता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक पाचातल्या एखाद्या चाचणीत दिसलाच असता.

योगायोग किती फसवतो, हे १९८८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आयसिस-२ चाचणीने दाखवून दिलं. हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांमध्ये ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले होते. संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरच्या पाश्चात्त्य राशींप्रमाणे उपगट पाडले, तर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनने थोडा अपायच होतो असं दिसलं. राशी पाहून ॲस्पिरिन कोण देईल?

म्हणून परीक्षकांशी वाद घालू नये आणि निमूटपणे मानही डोलावू नये. विश्लेषण करावं, पण पत्रात मी असं लिहीन: "आपल्या सूचनेनुसार मधुमेहींचे निकाल पुरवणी तक्त्यात दिले आहेत. हा उपगट सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतल्या आमच्या नोंदणीत आधी ठरवलेला नव्हता, हे लेखात स्पष्ट केलं आहे. इंटरॅक्शनचा पुरावा मिळाला नाही, त्यामुळे सारांश आणि निष्कर्ष बदललेले नाहीत."

यात एक खरी मर्यादा आहे, आणि तीही पत्रात यायला हवी. इंटरॅक्शन टेस्ट कमजोर असते. मूळ परिणामाएवढाच मोठा फरक दोन गटांत पकडायचा, तर रुग्ण साधारण चौपट लागतात. ६०० रुग्णांत फरक सापडला नाही, एवढ्यावरून फरक नाहीच असं म्हणता येत नाही. मधुमेहींचा प्रश्न सोडवायचा तर जवळपास २,४०० रुग्णांची चाचणी लागेल, आणि तो उपगट पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदवावा लागेल.