म्हाताऱ्या माणसांना पाण्यानेच ठसका का लागतो?

घरात आजी-आजोबांना गिळायला त्रास व्हायला लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो, जेवण पातळ करायचं. आमटी पातळ, भात पातळ, घास अडकला की वर घोटभर पाणी. आणि गंमत म्हणजे ठसका लागतो तो बऱ्याचदा त्या पाण्यानेच, पोळीभाजीने नाही.

कारण साधं आहे. घशात श्वासाची वाट आणि अन्नाची वाट थोडं अंतर एकच असते. आपण गिळतो तेव्हा सेकंदभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडतं आणि घास मागून अन्ननलिकेत उतरतो. वय झालं की हे सगळं थोडं उशिरा सुरू होतं, आणि अर्धांगाचा झटका, पार्किन्सन्स किंवा डिमेन्शिया असेल तर अजूनच उशिरा. पाणी मात्र थांबत नाही, झाकण पडायच्या आत ते घशात पोचलेलं असतं. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो म्हणून घशाला तयारीला वेळ मिळतो.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ठसका लागत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय असं नाही. काही जणांच्या घशाची जाणीवच कमी झालेली असते, पाणी श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. मग कळतं कशावरून? जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो, सारखं खाकरावं लागतं, जेवायला तासतास लागतो, वजन उतरतं, आणि कारण नसताना छातीत कफ होऊन परत परत ताप येतो. असं दिसलं तर स्वतःच ठरवून सगळं घट्ट करू नका, आधी डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. नाव स्पीच असलं तरी गिळण्याचं कामही तेच बघतात. गरज पडली तर बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बिण घालून घसा बघतात.

घट्ट-पातळ हे मोजायची एक जागतिक पद्धत आहे, आयडीडीएसआय म्हणतात तिला. त्यात 0 म्हणजे साधं पाणी, 4 म्हणजे गुळगुळीत पेस्ट आणि 7 म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. पातळ पदार्थ घरी तपासायला 10 मिलीची, सुई आणि आतला दट्ट्या काढलेली सिरिंज पुरते, फक्त तिच्यावर 0 पासून 10 पर्यंतच्या खुणांची लांबी 61.5 मिलिमीटर असायला हवी, सिरिंजा वेगवेगळ्या आकाराच्या मिळतात म्हणून हे बघावंच लागतं. खालचं तोंड बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत भरा, बोट काढा, 10 सेकंदांनी परत बंद करा. आत 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच, 1 ते 4 उरलं तर लेव्हल 1, 4 ते 8 उरलं तर लेव्हल 2, आणि 8 च्या वर राहून थेंब थेंब पडत असेल तर 3.

माझ्या मावशीच्या सासऱ्यांना झटका आल्यावर थेरपिस्टने सांगितलं, द्रव लेव्हल 2 आणि जेवण लेव्हल 5, म्हणजे बारीक, मऊ, ओलसर, पण पाणी न सुटणारं. मावशीने सुरुवातीला खिचडी सरळ मिक्सरमधून काढली आणि झाली ती खळ! भात मिक्सरला लावला की स्टार्च सुटतो आणि चिकट गोळा बनतो, तो टाळूला आणि घशाला चिकटतो, म्हणजे पातळापेक्षा वाईट. मग तिने जास्त पाणी घालून आसट भात शिजवला, गरम असतानाच वाटीच्या तळाने चेचला आणि त्यात घोटलेलं घट्ट वरण आणि तूप कालवलं. फोडणीत फक्त हिंग-हळद, मोहरी आणि कढीपत्ता बंद, कारण ते दाणे-पानं घशात चिकटून बसतात. दुधीची सालं-बिया काढून भाजी शिजवून चेचली. दही आधी फडक्यात टांगून पाणी काढून टाकायचं.

मग काट्याने तपासायचं. काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण 4 मिलिमीटर असते, मोठ्या माणसांसाठी लेव्हल 5 मध्ये गुठळी त्याहून मोठी नको आणि काट्याने हलकं दाबलं की चेचली गेली पाहिजे. चमचा तिरका केला की घास एकसंध घसरला पाहिजे, चिकटून राहिला तर तूप किंवा घट्ट वरण वाढवा. आणि हे सगळं वाढायच्या वेळी बघायचं बरं का, खिचडी पातेल्यात मऊ असते आणि ताटात गार होईपर्यंत घट्ट झालेली असते.

सगळ्यात फसवे पदार्थ म्हणजे ज्यात घट्ट आणि पातळ एकत्र असतं. दुधात बुडवलेली पोळी, पातळ आमटीतला भात, शेवयांची खीर, कलिंगड. तोंडात चावायचं घट्ट असतं आणि तेवढ्यात पातळ भाग मागे निसटतो. आईस्क्रीमही तोंडात वितळून पाणीच होतं. चिवडा, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी, शेवग्याच्या शेंगा, मेथीसारख्या दोरेवाल्या पालेभाज्या तर बाजूलाच ठेवा.

पाणी घट्ट करायला बाजारात पावडर मिळते. कॉर्नफ्लोअरसारखी स्टार्चची पावडर लाळेने पातळ होत जाते, म्हणून तोंडात घातलेला चमचा परत त्याच वाटीत बुडवला तर थोड्या वेळाने अख्खी वाटी सैल होते. झँथन गमवाल्या पावडरीला लाळेचा तसा परिणाम होत नाही. पण घट्ट पाणी लोकांना आवडत नाही, ते कमी पितात आणि शरीरात पाणी कमी पडतं, शिवाय घट्ट द्रव घशात थोडा उरू शकतो. व्हिडिओत श्वासनलिकेत जाणं कमी दिसलं तरी न्यूमोनिया त्यामुळे नक्की टळतो असा भक्कम पुरावा नाही. म्हणून लघवीचा रंग गडद होतोय का बघा आणि थेरपिस्टकडे पुन्हा पुन्हा तपासून घ्या, सुधारणा झाली तर लेव्हल बदलते.

जेवताना पाठ सरळ, पाय टेकलेले, टीव्ही बंद, लहान चमचा, आधीचा घास गेल्याशिवाय पुढचा नाही आणि नंतर निदान अर्धा तास आडवं नाही व्हायचं. दात आणि कवळी रोज घासा, हे लोक विसरतात. घशात गेलेल्या कणांबरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात आणि न्यूमोनियाचा मोठा वाटा त्या जंतूंचा असतो. गोळ्या विचारल्याशिवाय कुटून देऊ नका, हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो.

आणि घास खरंच अडकला तर? खोकता येत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका आणि घशात बोट घालून चाचपडू नका. आवाज, खोकला, श्वास काहीच येत नसेल तर कुणाला तरी 108 लावायला सांगा, माणसाला पुढे वाकवा आणि पाठीवर खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये तळहाताने 5 जोरदार थापा मारा. नाही निघालं तर मागून मिठी घालून मूठ बेंबीच्या थोडी वर ठेवायची आणि आत-वर 5 झटके. आळीपाळीने दोन्ही चालू ठेवा. पोट फार मोठं असेल आणि हात पुरत नसतील तर छातीच्या मधोमध झटके द्या. बेशुद्ध पडले तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला लागा आणि तोंडात घास समोर दिसला तरच बोटाने काढा. शुद्धीवर येऊन बरं वाटलं तरी पोटाला झटके दिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, म्हाताऱ्या माणसांच्या बरगडीला किंवा आत दुखापत झालेली असू शकते.